दिशा तीच, आकडा नवा

तीन स्लॅबची एक साधी इमारत घेऊ. प्रत्येक स्लॅबचं वस्तुमान ५० टन. दोन स्लॅबमधले सगळे कॉलम मिळून इतके ताठ, की खालचा स्लॅब धरून ठेवला तर वरचा एक मिलीमीटर आडवा सरकवायला ४५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण साडेचार टनांचं बळ लागावं. भूकंपात ही इमारत कशी हलेल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा मंजूर होण्याआधीच सांगावं लागतं. त्यासाठी तो इमारतीचा ताठपणा एका मॅट्रिक्समध्ये मांडतो. तिला K म्हणू.

```
      २  −१   ०
K =  −१   २  −१
      ०  −१   १
```

(४५ किलोन्यूटन हा समाईक गुणक बाहेर काढून ठेवला आहे.) हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. पहिला स्तंभ सांगतो की बाकीचे स्लॅब जागेवर धरून फक्त पहिला स्लॅब एक मिलीमीटर सरकवायचा असेल, तर त्याच्यावर २ एवढं बळ लावावं लागेल, कारण खालचे आणि वरचे असे दोन्हीकडचे कॉलम त्याला अडवतात. दुसऱ्या स्लॅबला त्याच वेळी उलट दिशेने १ एवढं धरून ठेवावं लागेल. तिसऱ्याशी पहिल्याचा थेट संबंध नाही, म्हणून शून्य.

आता स्लॅब कसेही सरकवले, तर परत ओढणारं बळ साधारणपणे वेगळ्याच प्रमाणात निघतं. पण सरकण्याची काही मोजकी प्रमाणं अशी असतात, की परतीचं बळही नेमकं त्याच प्रमाणात मिळतं, फक्त एका आकड्याने गुणलेलं. ते प्रमाण म्हणजे आयगेनव्हेक्टर आणि तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. सूत्रात Kv = λv. आपल्या इमारतीची पहिली अशी तऱ्हा १ : १.८०२ : २.२४७ आहे. तिन्ही स्लॅब एकाच बाजूला झुकतात, वरचा सर्वांत जास्त. तिची आयगेनव्हॅल्यू ०.१९८. उरलेल्या दोन तऱ्हांत काही स्लॅब डावीकडे तर काही उजवीकडे जातात, आणि त्यांच्या आयगेनव्हॅल्यू १.५५५ आणि ३.२४७. यातल्या प्रत्येक आकड्यावरून झुलण्याचा एकेक काळ निघतो. पहिल्या तऱ्हेचा ०.४७ सेकंद, दुसरीचा ०.१७, तिसरीचा ०.१२.

हे तीन आकडे काढायला λ³ − ५λ² + ६λ − १ = ० हे घन समीकरण सोडवावं लागतं. तीन स्लॅबसाठी ते जमून जातं. प्रत्यक्ष इमारतीच्या मॉडेलमध्ये मात्र हजारो अज्ञातं असतात. एकदा हे कष्ट केल्यावर मॅट्रिक्स जरा बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं का, हा प्रश्न म्हणूनच खराखुरा आहे. मॅट्रिक्स उलटी केली, स्वतःशीच गुणली किंवा तिच्या कर्णावर एकच संख्या मिळवली, या तिन्ही प्रसंगी उत्तर ‘नाही’ असं आहे.

कारण एका ओळीचं आहे. Kv = λv असेल, तर v या दिशेपुरती ती अख्खी मॅट्रिक्स एका साध्या संख्येसारखी वागते. K ने एकदा गुणलं की λ पट, दोनदा गुणलं की λ² पट, म्हणून K² ची आयगेनव्हॅल्यू λ². K ने जे λ पट केलं ते K ची व्यस्त मॅट्रिक्स परत पूर्ववत करते, म्हणून तिची आयगेनव्हॅल्यू १/λ. आणि K च्या कर्णावरच्या प्रत्येक आकड्यात s मिळवला, म्हणजे K + sI घेतली, तर v ला λ पटीच्या जोडीला आणखी s पट मिळते, म्हणून λ + s. दिशा तिन्ही वेळा तीच राहते, फक्त आकडा बदलतो. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या इंग्लिश गणितज्ञाने १८८३ मध्ये हा नियम सर्वसाधारण रूपात मांडला होता.

नियम पटला तरी आकडे घालून पडताळून पाहावा, आणि त्याची सोय गणितातच आहे. कोणत्याही मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यूंची बेरीज तिच्या मुख्य कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेइतकी असते. K चा कर्ण २, २, १, म्हणजे बेरीज ५, आणि ०.१९८ + १.५५५ + ३.२४७ हेही ५. आता K² पाहू. आपल्या तीन आकड्यांचे वर्ग ०.०३९, २.४१८ आणि १०.५४३, त्यांची बेरीज १३. K ला K ने प्रत्यक्ष गुणलं तर कर्णावर ५, ६, २ येतात, आणि त्यांचीही बेरीज १३ च.

व्यस्त मॅट्रिक्स तर इमारतीकडे बघूनच लिहिता येते. K विचारते, ‘इतकं सरकवायला किती बळ?’ तिची व्यस्त विचारते, ‘इतक्या बळाने किती सरकेल?’ वरच्या स्लॅबला १ एवढ्या बळाने ढकललं, तर ते बळ तिन्ही मजल्यांच्या कॉलममधून खाली जमिनीत उतरतं. प्रत्येक मजला एकेक एककाने वाकतो आणि स्लॅब १, २, ३ असे सरकतात. पहिल्या स्लॅबला ढकललं तर फक्त तळमजला वाकतो आणि वरचं सगळं त्याच्यासोबत १, १, १ असं सरकतं.

```
             १  १  १
K⁻¹  =       १  २  २
             १  २  ३
```

हिच्या आयगेनव्हॅल्यू नियमाप्रमाणे १/०.१९८, १/१.५५५ आणि १/३.२४७, म्हणजे ५.०४९, ०.६४३ आणि ०.३०८ असायला हव्यात. त्यांची बेरीज ६, आणि कर्णावरही १ + २ + ३ = ६. बारकाईने पाहा: K मध्ये सर्वांत लहान असलेला आकडा इथे सर्वांत मोठा झाला आहे. पुढचं सगळं या अदलाबदलीवर उभं आहे.

इंजिनिअरला सगळ्या आयगेनव्हॅल्यू सहसा नकोच असतात. भारतीय भूकंप संहिता IS 1893 सांगते, की इतक्या तऱ्हा विचारात घ्या की त्यांच्यात सहभागी झालेलं वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या किमान ९० टक्के भरेल. आपल्या इमारतीत पहिली तऱ्हा एकटीच ९१ टक्के भरते. म्हणजे K ची सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू नेमकी मिळाली की बहुतांश काम झालं.

ती मिळवायला घन समीकरणही लागत नाही. एखाद्या सदिशाला मॅट्रिक्सने पुन्हा पुन्हा गुणत गेलं, तर जिची आयगेनव्हॅल्यू सर्वांत मोठी ती दिशा हळूहळू बाकीच्यांवर मात करते. K ने गुणत राहिलो तर ३.२४७ वाली तिसरी तऱ्हा जिंकेल, जी आपल्याला नको आहे. म्हणून व्यस्त मॅट्रिक्सने गुणायचं. सुरुवात अगदी भाबडी करू, तिन्ही स्लॅब सारखेच सरकले असं धरून: १, १, १. एकदा गुणल्यावर ३, ५, ६. दुसऱ्यांदा १४, २५, ३१. तिसऱ्यांदा ७०, १२६, १५७. चौथ्यांदा ३५३, ६३६, ७९३.

शेवटच्या ओळीतला तिसरा आकडा आधीच्या ओळीतल्या तिसऱ्या आकड्याने भागा: ७९३ ÷ १५७ = ५.०५. त्याचा व्यस्त ०.१९८. आणि ३५३ : ६३६ : ७९३ हे प्रमाण १ : १.८०२ : २.२४६, म्हणजे झुलण्याची तऱ्हाही मिळाली. कागदावर चार ओळी आणि फक्त पूर्णांकांचे गुणाकार-बेरजा एवढ्यात काम आटोपलं.

इतक्या लवकर कसं जमलं, याचं उत्तर घातांच्या नियमात आहे. चारदा गुणणं म्हणजे व्यस्त मॅट्रिक्सच्या चौथ्या घाताने एकदा गुणणं. त्या घाताच्या आयगेनव्हॅल्यू काढायला ती मॅट्रिक्स लिहायचीही गरज नाही: ५.०४९ चा चौथा घात सुमारे ६५०, ०.६४३ चा ०.१७, ०.३०८ चा ०.००९. पहिली तऱ्हा ६५० पट फुगली आणि दुसरी आधी होती त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकी उरली. दोघींमधलं अंतर जवळपास ३,८०० पट झालं. सुरुवातीच्या १, १, १ मध्ये नको असलेल्या तऱ्हांचं जे काही मिसळलेलं होतं, ते चार पावलांत धुतलं गेलं.

पण मधली तऱ्हा हवी असेल तर? समजा, गच्चीवर एक यंत्र बसवायचं आहे आणि त्याच्या कंपनांचा वेग दुसऱ्या तऱ्हेच्या आसपास येतो आहे. १.५५५ हा आकडा K मध्ये सर्वांत मोठा नाही, आणि व्यस्त मॅट्रिक्समध्येही त्याचा व्यस्त मधलाच राहतो. इथे कर्णावरची सरक आणि व्यस्त हे दोन नियम एकत्र जोडायचे. उत्तर १.५ च्या जवळपास आहे एवढा अंदाज असला की पुरे. आधी K च्या कर्णातून १.५ वजा करायचे. तिन्ही आयगेनव्हॅल्यू १.५ ने खाली येतात: −१.३०२, ०.०५५ आणि १.७४७. मधली शून्याला जवळजवळ चिकटली. आता व्यस्त घ्यायचा: −०.७६८, १८.२ आणि ०.५७२. जी मधे दडली होती ती आता बाकीच्यांपेक्षा वीस-तीस पटींनी मोठी झाली.

योगायोगाने या सरकवलेल्या मॅट्रिक्सची व्यस्तही पूर्णांकांत येते.

```
               १०   ४  −८
(K − १.५I)⁻¹ =   ४   २  −४
               −८  −४   ६
```

१, ०, ० पासून सुरू करा, म्हणजे फक्त पहिला स्लॅब सरकला असा अगदीच ढोबळ अंदाज. पहिल्या गुणाकाराला १०, ४, −८. दुसऱ्याला १८०, ८०, −१४४. तिसऱ्याला ३२७२, १४५६, −२६२४. मधला आकडा ८० वरून १४५६ झाला, म्हणजे १८.२ पट. आता उलट्या पायऱ्यांनी मागे यायचं: १/१८.२ = ०.०५४९५, त्यात मघा वजा केलेले १.५ परत मिळवायचे, उत्तर १.५५४९५. खरी किंमत १.५५४९६. तऱ्हा १ : ०.४४५ : −०.८०२, म्हणजे खालचे दोन स्लॅब एकीकडे आणि वरचा दुसरीकडे. तीन पावलांत चार दशांश स्थळांपर्यंत बिनचूक उत्तर.

ही युक्ती रचणारे हेल्मुट व्हीलांट हे मूळचे शुद्ध गणितातले, समूहांच्या सिद्धांतावर काम करणारे. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीच्या संशोधनात होते. विमानाचे पंख एका ठरावीक वेगाला स्वतःहून जोरात फडफडू लागतात आणि मोडतात, तो वेग आधी सांगायचा होता. हवेशी जोडलेल्या या कंपनांच्या गणितात सर्वांत लहान किंवा मोठी नाही, तर मधलीच एखादी आयगेनव्हॅल्यू महत्त्वाची ठरते. १९४४ मध्ये व्हीलांट यांनी सरकवून व्यस्त घेण्याची ही पद्धत लिहून काढली. आजही इमारती, पूल आणि यंत्रं तपासणारी सॉफ्टवेअर याच युक्तीवर चालतात. फरक इतकाच, की ती व्यस्त मॅट्रिक्स प्रत्यक्ष काढत नाहीत. सरकवलेल्या मॅट्रिक्सचे एकदाच दोन त्रिकोणी अवयव पाडून ठेवतात आणि दर पावलाला त्यांच्या मदतीने समीकरणं सोडवतात. हजारो अज्ञातांच्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक घरं शून्य असतात. व्यस्त काढली तर ती सगळी भरतात, अवयवांत मात्र पुष्कळशी शून्यं टिकतात.

या पद्धतीवर एक आक्षेप स्वाभाविक आहे. अंदाज जितका चांगला, तितकी सरकवलेली मॅट्रिक्स व्यस्त नसण्याच्या जवळ जाते. १.५ ऐवजी १.५५५ वजा केले, तर व्यस्ताची मोठी आयगेनव्हॅल्यू जवळपास २४ हजार होते. अशा मॅट्रिक्सची समीकरणं सोडवताना संगणकाच्या पूर्णांकनाच्या चुका प्रचंड फुगतात, हे खरं. मग उत्तर भरवशाचं कसं? ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले जेम्स विल्किन्सन आणि जी. पीटर्स यांनी १९७९ च्या एका लेखात याचा नीट उलगडा केला. चूकही त्याच मॅट्रिक्समधून जाते, त्यामुळे ती फुगते तीही मुख्यतः आपल्याला हव्या असलेल्या दिशेनेच. सदिशाची लांबी चुकते, पण लांबीशी आपल्याला कर्तव्य नसतं. दिशा बरोबरच येते. अंदाज अगदी तंतोतंत बसला तर मात्र भागाकारात शून्य येतं आणि गणित थांबतं. तेव्हा अंदाज केसभर हलवायचा.

जमिनीला न बांधलेल्या रचनेत ही अडचण सुरुवातीलाच समोर येते. उडतं विमान किंवा तरंगतं जहाज सगळंच्या सगळं एका बाजूला सरकलं, तर त्याला परत ओढणारं काही नसतं. म्हणून त्याच्या ताठपणाच्या मॅट्रिक्समध्ये शून्य ही आयगेनव्हॅल्यू असतेच, आणि शून्याचा व्यस्त नाही म्हणून मॅट्रिक्सलाही व्यस्त नाही. आपल्या तीन स्लॅबमधून तळमजल्याचे कॉलम काढून टाकले तर आयगेनव्हॅल्यू ०, १ आणि ३ होतात. कर्णावर १ मिळवा: १, २ आणि ४. आता व्यस्त निघतो, काम होतं, आणि शेवटी तो १ वजा केला की मूळ आकडे परत हातात येतात.

घातांच्या बाबतीत परतीचा रस्ता मात्र सरळ नाही. समजा, कुणी सरकवलेल्या मॅट्रिक्सचा वर्ग घेतला आणि त्याच्या आयगेनव्हॅल्यूंपैकी १.६९५ ही संख्या हाती दिली. तिचं वर्गमूळ १.३०२ किंवा −१.३०२. त्यात १.५ मिळवले तर मूळ संख्या २.८०२ किंवा ०.१९८. यातली खरी कोणती हे वर्गाला ठाऊक नसतं, कारण वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं. तिथे सदिश घ्यायचा, मूळ K ने एकदा गुणायचा आणि तो किती पट होतो ते पाहायचं. एका गुणाकारात निकाल लागतो.

सर्वांत मोठी गफलत होते ती ‘सरक’ म्हणजे नेमकं काय याबद्दल. कर्णावर सगळीकडे एकच संख्या मिळवणं याला इमारतीत ठोस अर्थ आहे. प्रत्येक स्लॅब बाजूच्या एका भक्कम, न हलणाऱ्या भिंतीला सारख्याच ताठपणाच्या स्प्रिंगने बांधायचा. ताठपणा ०.५ असेल तर आयगेनव्हॅल्यू ०.६९८, २.०५५ आणि ३.७४७ होतील, आणि झुलण्याच्या तऱ्हा जशाच्या तशा राहतील. पण मॅट्रिक्सच्या एखाद्याच घरात बदल केला, तर नियम गळून पडतो.

याचं उदाहरण आपल्या शहरांत गल्लोगल्ली दिसतं. तळमजल्यावर पार्किंग हवं म्हणून भिंती काढतात आणि इमारत नुसत्या कॉलमांवर उभी राहते. समजा, त्यामुळे तळमजल्याचा ताठपणा निम्मा झाला. K च्या पहिल्या घरात २ ऐवजी १.५ येतं, बाकी काही बदलत नाही. आयगेनव्हॅल्यू आता ०.१२७, १.२७३ आणि ३.१०१ झाल्या. मूळ आकड्यांतून त्या वजा केल्या तर फरक ०.०७१, ०.२८२ आणि ०.१४६ येतात. प्रत्येक वेगळा. म्हणजे ही सरक नव्हे. पटही सारखी नाही. इथे सगळं गणित नव्यानेच करावं लागतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे दिशाही बदलली. पहिली तऱ्हा १ : १.८०२ : २.२४७ होती, ती १ : १.३७३ : १.५७३ झाली. आधी वरच्या स्लॅबच्या एकूण झुकण्यापैकी ४५ टक्के वाटा तळमजला उचलत होता, आता ६४ टक्के. वरचे मजले एकमेकांच्या तुलनेत कमी वाकतात आणि झुकण्याचा बहुतांश भार तळमजल्याच्या कॉलमांवर येतो. भूकंपात पार्किंगचा मजला आधी का बसतो, हे या तीन आकड्यांत दिसतं. आणि ते केवळ आयगेनव्हॅल्यू पाहून दिसलं नसतं, आयगेनव्हेक्टर पाहावा लागला.

म्हणून गणित नव्याने करायचं की नाही हे ठरवण्याची कसोटी अगदी साधी आहे. नवी मॅट्रिक्स जुन्या K च्या घातांना, व्यस्ताला आणि I ला संख्यांनी गुणून, त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करून पूर्णपणे लिहिता येते का? येत असेल, तर तेच सूत्र λ ला लावा. येत नसेल, तर आधी हातात असलेला एक जुना सदिश नव्या मॅट्रिक्सने गुणून पाहा. तो त्याच दिशेला राहिला, तर त्याच्यापुरती नवी आयगेनव्हॅल्यू फुकट मिळाली. पार्किंगच्या इमारतीत १, १.८०२, २.२४७ ला नव्या मॅट्रिक्सने गुणलं, की दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लॅबला जुनीच ०.१९८ पट मिळते, पण पहिल्याला −०.३०२ पट. पहिल्याच घरात बिघाड दिसतो, आणि पुढचं सगळं नव्याने करायचं हे तिथेच कळतं.